डेमोला जाताना फेब्रुवारीची हजेरी सोबत न्या

*“आमची अंधेरी एमआयडीसीत ४२ जणांची कंपनी आहे. तीस जण ऑफिसात, बारा जण भिवंडीच्या गोदामात. एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही मीच बघते. रजेचे अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, कागदपत्रं बॉक्स फायलीत आहेत, पगार दादरचे कन्सल्टंट एक्सेलमध्ये काढून टॅलीत घालतात. आता साहेबांना एचआर सॉफ्टवेअर हवंय. तीन डेमो झाले, तिन्ही सारखेच छान वाटले. कुठलं निवडायचं ते कशावरून ठरवू? आणि सगळ्यांचे आधार, बँक खाते नंबर बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकणं बरोबर आहे का?”*
*— एक वाचक, अंधेरी*

नमस्कार,

डेमोतला कर्मचारी फार गुणी असतो. तो एक तारखेला रुजू होतो, रजा आठ दिवस आधी मागतो, त्याच्या खात्यात शिल्लक असते, साहेब दोन मिनिटांत हिरवं बटण दाबतात आणि महिनाअखेर पेस्लिप तयार. या माणसाचा पगार कुठलंही सॉफ्टवेअर बरोबर काढतं. म्हणून तिन्ही सारखे वाटले.

तुमच्याकडे माणूस सतरा तारखेला रुजू होतो. गोदामातला मुलगा गावी जातो आणि तिकडून फोन करतो की अजून तीन दिवस लागतील. त्याची शिल्लक संपलेली असते आणि तोवर कन्सल्टंटकडे हजेरी गेलेली असते. सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची ती या माणसावर. रजा आणि पगार यांचा जोड जिथे बसतो तिथे ते कसं वागतं, एवढ्यावरून निवड करा. नोंदी सगळेच ठेवतात, वाढदिवसाचे फुगे सगळेच उडवतात.

पण त्याआधी दोन गोष्टी कंपनीतच ठरवून घ्या, कारण त्या कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी ठरवणार नाही.

पहिली, बिनपगारी रजेच्या एका दिवसाचे किती पैसे कापायचे. कोणी महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागतं, कोणी सरसकट ३० ने, कोणी २६ ने. कन्सल्टंटना विचारा, ते नक्की काय करतात. बऱ्याच ठिकाणी ऑफिसच्या लोकांना एक आणि गोदामाला दुसरी रीत चाललेली असते आणि कोणी कधी लिहून ठेवलेली नसते. ती एका कागदावर लिहून साहेबांची सही घ्या.

दुसरी, पगाराची तारीख. तुमच्याकडे पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होत असेल, तर हजेरी २२-२४ तारखेला बंद करावी लागत असणार. म्हणजे शेवटच्या आठवड्यात सगळे हजर आहेत असं गृहीत धरून पगार निघतो आणि चुकलेले दिवस पुढच्या महिन्यात वळते करावे लागतात. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, असं कायदा म्हणतो. हजेरी महिनाअखेर बंद करून पगार दोन किंवा तीन तारखेला दिला, तर हा गोंधळ मुळातच उरत नाही. घरांचे हप्ते बरेचदा पाच तारखेच्या सुमारास कापले जातात, त्यामुळे लोकांची फारशी अडचण होत नाही. फक्त बदल करताना दोन महिने आधी सांगा. साहेबांनी हे मान्य केलं, तर सॉफ्टवेअर घेण्याआधीच तुमचं निम्मं काम झालं. नाही मानलं, तर पुढचं उदाहरण तुमच्यासाठीच आहे.

समजा एक बाई आहेत, महिन्याचा एकूण पगार ₹२८,०००, त्यात पीएफ ज्यावर धरला जातो ते वेतन ₹१४,०००. फेब्रुवारी २८ दिवसांचा. हजेरी २२ ला बंद झाली. बाई २४, २५ आणि २६ ला आल्या नाहीत, मुलगा आजारी. रजा शिल्लक नाही, म्हणजे तीन दिवस बिनपगारी. तुमच्याकडे प्रत्यक्ष दिवसांनी भागायची रीत आहे, म्हणून दिवसाचे बरोबर ₹१,०००.

हे वेळेत कळलं असतं तर फेब्रुवारीचा पगार ₹२५,००० झाला असता. पीएफचं वेतन २८ पैकी २५ दिवसांचं, म्हणजे ₹१२,५००, आणि त्यावर १२ टक्के ₹१,५००. प्रोफेशनल टॅक्स शून्य, कारण एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना ₹२५,००० पर्यंत तो माफ आहे. हातात ₹२३,५००. मार्चमध्ये पूर्ण पगार, ₹१,६८० पीएफ, ₹२०० प्रोफेशनल टॅक्स, हातात ₹२६,१२०.

प्रत्यक्षात कळलं उशिरा. फेब्रुवारीत पूर्ण ₹२८,००० निघाले, ₹१,६८० पीएफ आणि फेब्रुवारी असल्यामुळे प्रोफेशनल टॅक्स २०० ऐवजी ₹३०० कापला गेला. आता मार्चमध्ये तीन दिवस वळते करायचे आहेत. इथे सॉफ्टवेअरांच्या वाटा फुटतात.

नीट बनवलेलं सॉफ्टवेअर विचारतं, हे दिवस कुठल्या महिन्याचे? तुम्ही फेब्रुवारी सांगितलं की ते फेब्रुवारीच्या दराने ₹३,००० वजा करतं, मार्चच्या पेस्लिपवर ‘फेब्रुवारी बिनपगारी रजा, ३ दिवस’ अशी वेगळी ओळ दाखवतं आणि पीएफच्या वेतनातून फेब्रुवारीचे ₹१,५०० कमी करतं. मार्चचा पगार ₹२५,०००, पीएफ ₹१,५००, हातात ₹२३,५००.

कच्चं सॉफ्टवेअर ते तीन दिवस मार्चचेच समजतं. २८,००० भागिले ३१ गुणिले २८, म्हणजे ₹२५,२९०. फेब्रुवारीचा दिवस त्याने मार्चच्या भावाने कापला आणि कंपनीचे ₹२९० जास्त गेले. पगार २५ हजारांच्या वर राहिला म्हणून त्या बाईंचे ₹२०० प्रोफेशनल टॅक्सही कापले गेले. पेस्लिपवर नुसतं ‘कामाचे दिवस २८’. त्या बाई मार्चमध्ये एक दिवसही गैरहजर नव्हत्या, त्यामुळे तुमच्या टेबलाशी येऊन विचारणार, हे काय? आणि तुम्हाला फेब्रुवारीचं व्हॉट्सअ‍ॅप शोधत बसावं लागणार.

रक्कम शे-दोनशेची आहे, हे खरं. पण या एका उदाहरणात दिवसाचा दर, मागच्या महिन्याची वळती, पीएफ, महिलांची सूट आणि फेब्रुवारीचे तीनशे, सगळं एकदम तपासलं जातं. म्हणून डेमोला जाताना त्यांचं नमुन्याचं खातं बघू नका. तुमच्या हजेरीतले असे तीन-चार चिघळलेले महिने, नावं काढून, एका कागदावर न्या आणि म्हणा, “हे आत्ता, माझ्यासमोर टाकून दाखवा.” सेल्सचा माणूस “इम्प्लिमेंटेशनच्या वेळी कॉन्फिगर होईल” म्हणाला, तर त्यांच्या इम्प्लिमेंटेशनच्या माणसालाच पुढच्या बैठकीला बोलवा. पगार त्याला कळतो, सेल्सवाल्याला बहुधा नाही.

दुसरा कागद ईएसआयसीचा न्या. गोदामातल्या एखाद्याचा पगार ₹२०,५०० आहे आणि जुलैत तो ₹२१,८०० झाला. मर्यादा ₹२१,००० ची आहे, म्हणून साधं सॉफ्टवेअर जुलैपासून त्याची वर्गणी बंद करतं. हे चूक. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर असा सहा महिन्यांचा असतो आणि मध्ये मर्यादा ओलांडली तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी पूर्ण पगारावर भरावीच लागते. सप्टेंबरपर्यंत त्याचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के जायला हवेत. डेमोत ऑगस्टचा पगार काढायला सांगा आणि ओळ दिसते का बघा.

आता कन्सल्टंट. माझं मत स्पष्ट सांगतो: ते सॉफ्टवेअरच्या आत येऊन पगार काढायला तयार असतील, तर पगारासकट एकच सॉफ्टवेअर घ्या. तयार नसतील, तर त्यांना तोडायच्या भानगडीत या वर्षी पडू नका. नोंदी आणि रजा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणा, पगार त्यांच्याकडेच राहू द्या. तुमचा पीएफ, टीडीएस, प्रोफेशनल टॅक्स आणि जून-डिसेंबरचा कामगार कल्याण निधी ते वेळेवर भरतायत, ही साधी गोष्ट नाही.

मग जोड कसा घालायचा? सेल्सवाले ‘टॅलीशी इंटिग्रेशन आहे’ म्हणतील. बहुतेक वेळा याचा अर्थ इतकाच असतो, की पगाराची जर्नल एंट्री टॅलीत जाते. तुमची गरज त्याच्या उलट बाजूची आहे. रजेचे दिवस कन्सल्टंटच्या पगारपत्रकात जायला हवेत. ४२ जणांसाठी त्याला महिन्याला एक साधी फाइल पुरते, फक्त तिचे रकाने कायमचे ठरलेले हवेत. आपल्या त्या बाईंची मार्चची ओळ अशी दिसेल, त्यात lwp म्हणजे बिनपगारी रजा आणि arrear म्हणजे मागच्या महिन्याची वळती:

```
emp_code,month,paid_days,lwp_days,arrear_month,arrear_lwp
A017,2026-03,31,0,2026-02,3
```

शेवटचे दोन रकाने नसतील, तर मागच्या महिन्याचे दिवस या महिन्यात मिसळणार, म्हणजे पुन्हा तोच कच्चा हिशेब. फाइल निघाली की तो महिना सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद व्हायला हवा. त्यानंतर कोणी साहेब मागच्या तारखेची रजा मंजूर करू लागले, तर ती आपोआप पुढच्या फाइलच्या या दोन रकान्यांत पडली पाहिजे. हे डेमोत करून बघा. महिना बंद करा, मग मागच्या तारखेची रजा टाका. काही सॉफ्टवेअरं गुपचूप ती घेतात आणि बंद झालेल्या महिन्याची हजेरी बदलतात. तसं झालं की कन्सल्टंटचं पगारपत्रक आणि तुमचं रजेचं खातं कायमचे वेगळे झाले. असं सॉफ्टवेअर बाकी कितीही देखणं असू दे, माझ्या यादीतून बाद.

पीएफ भरताना दरमहा जी ईसीआर फाइल चढवतात, तिच्यात एनसीपी डेज नावाचा रकाना असतो, तिथेही हेच बिनपगारी दिवस जातात. दोन्ही आकडे जुळतात का, हे पहिले काही महिने स्वतः ताडून बघा. फेब्रुवारीचा ईसीआर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे पगार झाल्यावर कळलेली रजा कन्सल्टंटच्या कानावर लगेच घातली, तर ती कुठल्या महिन्यात दाखवायची हे त्यांना भरण्याआधी ठरवता येतं.

रजेचे नियम भरताना एक खबरदारी घ्या. सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला साचा येतो, बारा कॅज्युअल, बारा सिक वगैरे. तो तसाच ठेवू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात, त्या तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर बाद होतात. कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते, ती ४५ पर्यंत साठते. याहून जास्त देत असाल तर उत्तम, कमी चालणार नाही. बघायचं ते हे की अर्जित रजा काम केलेल्या दिवसांवर मोजली जाते, की सॉफ्टवेअर नुसतं दरमहा सव्वा दिवस टाकत जातं. सव्वा दिवस टाकणं सोपं असतं म्हणून बरेच तेच करतात, आणि मग लांब बिनपगारी रजेवर गेलेल्याच्या खात्यातही रजा वाढत राहते. शिवाय २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार सुट्ट्या सक्तीच्या आहेत, त्या गोदामाच्या कॅलेंडरमध्येही आहेत ना ते पाहा. गोदामाचं कॅलेंडर वेगळं करताना त्या हमखास गळतात.

मुंबईची म्हणून एक चाचणी. जुलैत एखाद्या दिवशी लोकल बंद पडते, निम्मे लोक दादरहून परत जातात, उरलेले बारा वाजता उगवतात. बायोमेट्रिकला जोडलेलं सॉफ्टवेअर त्या दिवशी सगळ्यांचा अर्धा दिवस कापतं. तेव्हा तुम्हाला तीस जणांची हजेरी एकाच वेळी दुरुस्त करता येते का, की प्रत्येकाने अर्ज करायचा आणि तुम्ही तीस वेळा मंजूर करायचा? विचारून ठेवा. पावसाळा दरवर्षी येतो.

गोदामातले बारा जण कंपनीचा ईमेल वापरत नसणार. मोबाइल नंबरवर लॉगिन होतं का आणि अ‍ॅप मराठीत किंवा हिंदीत दिसतं का, हे बघा. तरीही काही जण अ‍ॅप उघडणार नाहीत, त्यांच्या वतीने सुपरवायझरला रजा टाकता आली पाहिजे, आणि ती सुपरवायझरने टाकली हे नोंदीत दिसलं पाहिजे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आधार आणि बँक खात्यांचं आज काय होतंय ते आधी बघा. नवीन माणूस आला की तो आधार-पॅनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ते तुमच्या फोनच्या गॅलरीत उतरतात आणि तिथून बहुधा गूगल फोटोजमध्येही जातात. तुम्ही ते कन्सल्टंटला पुढे पाठवता, त्यांच्या फोनवरही राहतात. पगाराची एक्सेल शेअर्ड फोल्डरमध्ये असते आणि पासवर्ड कंपनीच्या नावापुढे १२३ असतो. बाहेरचा बरा सर्व्हर याहून वाईट असणं अवघड आहे. पण कुठलाही सर्व्हर चालेल, असं नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यात तुमच्या कामाचा मुद्दा असा, की कर्मचाऱ्यांच्या माहितीसाठी जबाबदार तुमची कंपनी राहते. सॉफ्टवेअरवाला तुमच्या वतीने ती सांभाळतो आणि त्याच्याकडून गळती झाली तरी उत्तर तुम्हाला द्यायचं. माहिती फुटली तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची फुटली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं, आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर माहिती द्यायची. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा ₹२५० कोटी आहे. सॉफ्टवेअरवाल्याला गळती कळली तर तो तुम्हाला किती तासांत सांगणार, हा आकडा करारात असू द्या. नुसतं ‘योग्य वेळेत’ असेल तर सही करू नका. ७२ तासांपैकी ६० त्याच्याकडेच गेले, तर तुम्ही काय करणार?

काही जण सांगतील, सगळ्या कर्मचाऱ्यांकडून संमतीपत्र घ्या म्हणजे झालं. पगार, पीएफ, हजेरी अशा नोकरीच्या कामासाठी कायद्याने वेगळी संमती मागितलेली नाही. पण तो दरवाजा तेवढ्यापुरताच उघडा आहे. बऱ्याच एचआर अ‍ॅपमध्ये हल्ली ‘पगारावर कर्ज’, ‘विमा घ्या’ असे टॅब असतात. तुमच्या लोकांचे पगाराचे आकडे कर्ज देणाऱ्या भागीदार कंपनीकडे जाणार का, हे लेखी विचारा आणि ते टॅब बंद करून घ्या. डेमोत हे कोणी आपणहून दाखवत नाही.

सुरक्षेच्या मोठमोठ्या प्रमाणपत्रांची यादी तुम्हाला दाखवली जाईल. ती असावीत, पण तुम्ही स्वतः करू शकाल अशा दोन चाचण्या मला जास्त सांगून जातात. ट्रायल खात्यात एका बनावट कर्मचाऱ्याची पेस्लिप उघडा, वरची लिंक कॉपी करा, लॉगआउट व्हा आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये ती लिंक टाका. पेस्लिप उघडली, तर लिंक हाती लागलेला कोणीही ती बघू शकतो. विषय संपला. दुसरी चाचणी अधिकारांची. सुपरवायझरच्या लॉगिनने आत जा आणि त्याच्या हाताखालच्या माणसाच्या पानावर काय काय दिसतं ते बघा. रजेच्या तारखा दिसाव्यात. पगार, आधार, बँक आणि आजारपणाच्या रजेला जोडलेला डॉक्टरचा कागद दिसता कामा नये. हा कागद बऱ्याच ठिकाणी मंजुरी देणाऱ्याला सरसकट दिसतो. एखादीच्या गर्भपाताची फाइल गोदामाच्या सुपरवायझरच्या फोनवर उघडते, आणि हे कुणी मुद्दाम केलेलं नसतं. कुणी सेटिंगच बघितलेलं नसतं.

आधारचा पूर्ण नंबर पीएफ आणि ईएसआयसीच्या नोंदणीला लागतो. ती झाली, की सॉफ्टवेअरमध्ये शेवटचे चार आकडे आणि यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, पुरतात. शक्य तिथे मास्क्ड आधारची प्रत घ्या. जात, धर्म, कुटुंबातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा असे रकाने फॉर्ममध्ये तयार येतात. कायद्याने किंवा विम्यासाठी लागत नसतील तर ते लपवून टाका. न निवडलेल्या उमेदवारांचे बायोडेटाही वर्षानुवर्षं साठवू नका.

बँक खाते बदलण्याबाबत मात्र कडक राहा. पगाराच्या दोन दिवस आधी ‘माझं खातं बदललंय, या नवीन खात्यात पगार टाका’ असा मेल येतो, नाव आपल्याच माणसाचं, पत्ता किंचित वेगळा. तुम्ही घाईत बदलता आणि पगार भलत्याच्या खात्यात जातो. सॉफ्टवेअरमध्ये खातं बदलायला दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी सक्तीची करता येत असेल तर ती लावाच, आणि बदल झाला की त्या कर्मचाऱ्याच्या जुन्या मोबाइल नंबरवर मेसेज जाऊ द्या. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं का आणि ती अ‍ॅडमिनलाही पुसता येत नाही ना, हेही त्याच बैठकीत बघून घ्या.

किमतीबद्दल फार बोलत नाही. भाव माणशी महिना असा सांगतात, पण किमान किती माणसांचे पैसे घेणार ते विचारा. किमान ५० असेल तर आठ न आलेल्या माणसांचे पैसे तुम्ही भरणार. सोडून गेलेल्यांचे पैसे लागतात का, हाही प्रश्न त्यातच. फ्रॅपे या मुंबईच्याच कंपनीचं फ्रॅपे एचआर मुक्तस्रोत आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येतं. तुमच्याकडे सर्व्हर सांभाळणारा कायमचा माणूस नसेल, तर त्या वाटेला स्वतःहून जाऊ नका. ज्या सर्व्हरवर कोणी अपडेट टाकत नाही, त्यावर पगार ठेवणं परवडत नाही.

जाताना काय मिळणार, हे येतानाच ठरवा. ‘डेटा एक्सपोर्ट होतो’ म्हणतात, आणि देतात काय, तर शेवटच्या रजा शिल्लकीची एक एक्सेल. तुम्हाला रजेचं पूर्ण खातं हवं, प्रत्येक जमा आणि खर्च तारखेसह. कागदपत्रं कर्मचारी कोडच्या नावाने हवीत. पेस्लिपा पीडीएफमध्ये हव्यात. ट्रायलमध्येच हे एक्सपोर्ट करून फाइल उघडून बघा. करार संपल्यावर किती दिवसांत ते तुमची माहिती पुसतील आणि तसं लेखी देतील, हे कलम घालून घ्या.

सुरुवात कधी करायची? पगारासकट घेणार असाल तर १ एप्रिल. वर्षाच्या मध्ये केलं तर प्रत्येकाचा तोवरचा पगार आणि कापलेला टीडीएस आत भरावा लागतो, आणि तिथे एक शून्य चुकलं की मार्चमध्ये कोणाचा तरी कर एकदम कापला जातो. नुसती रजा आणि नोंदी असतील तर कुठल्याही तिमाहीची पहिली तारीख चालेल, कारण नैमित्तिक रजा त्याच दिवशी जमा होते. सुरू करण्याआधी प्रत्येकाला त्याची रजा शिल्लक लेखी दाखवा आणि मान्य असल्याची सही घ्या. गोदामात हे तुम्ही स्वतः जाऊन करा. सुपरवायझरवर सोपवलं तर बारा सह्या एकाच हस्ताक्षरात येतात.

पहिले दोन महिने पगार जुन्या पद्धतीनेही काढा आणि दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून एकेक माणूस ताडा. रुपयाच्या आतला फरक हा राउंडिंगचा, तो सोडून द्या. त्याहून मोठा फरक आला की तो कुठून आला हे कळेपर्यंत त्या माणसाचा पगार जुन्याच पत्रकाने करा. आणि ज्या दिवशी कागदपत्रं नव्या जागी चढतील, त्याच दिवशी तुमच्या आणि कन्सल्टंटच्या फोनमधले आधार-पॅनचे फोटो डिलीट करा, ‘अलीकडे हटवलेले’ फोल्डरमधूनही.